करवंटीच्या वाट्या ऑनलाइन विकताना किंमत कशी लावायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कुडाळ तालुक्यात करवंटीच्या वाट्या, डवल्या आणि दिवे बनवून विकते. बचत गटाच्या बैठकीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच त्या शंका येतात, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवल्या आहेत. सगळीकडे हिशोब एकाच वस्तूचा आहे: करवंटीच्या दोन वाट्यांचा सेट. कमिशन, शिपिंग आणि इतर शुल्काचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक मार्केटप्लेसचं दरपत्रक वेगळं असतं आणि ते मधूनमधून बदलतं, तेव्हा आकडे तुमच्या दरपत्रकातले घाला, रीत हीच ठेवा.

१. करवंटी घरचीच आहे, न्हाणीच्या चुलीतच जाणार होती. तिचे पैसे कशाला धरायचे?

कारण चुलीत जाणारी करवंटी आणि वाटीची करवंटी एक नव्हे. स्वयंपाकाला फोडलेला नारळ कोयत्याने वेडावाकडा फुटतो. वाटीला गोल, जाड, तडा नसलेली करवंटी लागते आणि ती आरीने आडवी कापावी लागते. घरच्या नारळांतून महिन्याला अशा पाच-सहा मिळतील. चाळीस सेटची मागणी आली की बाजारातून घ्याव्याच लागतात, आणि तेव्हा किंमत वाढवली तर जुनं गिऱ्हाईक विचारणारच. म्हणून पहिल्या दिवसापासून विकतच्या दराने धरा.

मी निवडलेल्या एका करवंटीचे १५ रुपये धरते. दहातल्या दोन घासताना किंवा नंतर सुकताना तडकतात. म्हणजे दोन वाट्यांसाठी अडीच करवंट्या, साधारण ४० रुपये. फुटलेल्या दोन हिशोबात न धरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि वर्षअखेर तीच अंगावर येते.

२. स्वतःच्या मेहनतीचे किती लावू? घरीच तर बसून करते.

एकदा घड्याळ लावून सेट बनवा. कापणं, आतला चोथा खरवडणं, ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ४०० नंबरपर्यंत घासणं आणि खोबरेल तेलाचा हात देणं, हे सगळं धरून मला दोन वाट्यांना सव्वा तास लागतो. मी तासाला १०० रुपये लावते, म्हणजे १२५ रुपये. तुमच्या गावात बाईमाणसाला शेतात जी रोजंदारी मिळते तिच्या खाली जाऊ नका. उद्या ऑर्डरी वाढल्या आणि शेजारणीला कामाला बोलवावं लागलं, तर ती फुकट घासून देणार नाही.

मजुरी आणि नफा वेगळे ठेवा. मजुरी हातांची, नफा धंद्याचा. नवीन आरी, पंख्यासारखं फिरणारं घासायचं यंत्र, एखादा बुडालेला महिना हे सगळं नफ्यातून निघतं.

पॉलिश पेपर, तेल, पातं आणि वीज यांचे सेटमागे २५ रुपये धरले, की बनवण्याचा खर्च ४० + २५ + १२५ = १९० रुपये होतो.

३. पॅकिंगवर किती खर्च करावा?

माझा ३५ रुपये होतो: खोका १६, दोन वाट्यांमधला पुठ्ठा आणि कागदाच्या पट्ट्या ८, टेप ४, लेबल आणि कार्ड ७. यात काटकसर करायचीच तर कार्डात करा, खोक्यात नको. करवंटी टणक असली तरी काठावर मार बसला की सरळ उभा तडा जातो. खोक्याचं खरं महत्त्व मात्र त्याच्या किमतीपेक्षा त्याच्या मापात आहे. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

४. कमिशन १५ टक्के आहे. म्हणजे खर्चावर १५ टक्के चढवले की झालं ना?

नाही, आणि इथे दोन चुका एकदम होतात.

पहिली अशी की कापले जातात ते नुसते १५ टक्के नसतात. उदाहरणात १५ टक्के कमिशन आणि २ टक्के पेमेंट शुल्क धरू. मार्केटप्लेसच्या प्रत्येक शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. सतरावर अठरा टक्के म्हणजे जवळजवळ २० टक्के. शिवाय प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक शुल्क २० रुपये आणि शिपिंग ६५ रुपये. या ८५ रुपयांवरही जीएसटी, म्हणजे १०० रुपये. वस्तू शंभराची असो की हजाराची, हे शंभर रुपये जाणारच.

दुसरी चूक गणिताची. कमिशन कापतात ते विक्रीच्या किमतीवर, आणि आपण चढवतो ते आपल्या खर्चावर. बनवण्याचे १९०, पॅकिंगचे ३५, ठरावीक कपात १०० आणि नफा ६० मिळून ३८५ रुपये हातात यायला हवेत. त्यावर २० टक्के चढवले तर किंमत होते ४६२. आता ४६२ चे २० टक्के कापा: ९२ रुपये गेले आणि हातात आले ३७०. पंधरा रुपये कमी, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा गेला.

म्हणून गुणायचं नाही, भागायचं:

```
किंमत = (हातात हवी ती रक्कम) ÷ (१ − कपातीचा टक्का ÷ १००)
```

३८५ ÷ ०.८० = ४८१ रुपये. यात अजून रिटर्न धरलेला नाही.

५. वाट्यांचं वजन तीनशे ग्रॅम. मग माझे एक किलोचे पैसे का कापले?

कुरिअरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि एक आकारमानाचं. जे जास्त असेल ते धरतात. आकारमानाचं वजन बहुतेक ठिकाणी असं काढतात: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. करवंटीची वाटी हलकी आणि आतून पोकळ, म्हणजे आपण पैसे हवेचे भरतो.

मी सुरुवातीला दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवून २० × २० × १२ चा खोका वापरायची. गुणाकार ४८००, भागून ०.९६ किलो. शिपिंगचे टप्पे अर्ध्या अर्ध्या किलोचे, म्हणून माल एक किलोच्या टप्प्यात गेला. मग वाट्या एकात एक बसवून, मध्ये पुठ्ठा घालून १६ × १६ × ९ चा खोका घेतला. गुणाकार २३०४, म्हणजे ०.४६ किलो, अर्ध्या किलोच्या आत. उदाहरणातल्या दरांनी अर्ध्या किलोला ६५ आणि किलोला ९५ रुपये लागतात. फरक ३० रुपयांचा, जीएसटी धरून ३५, आणि प्रश्न ४ च्या रीतीने किमतीत ४४. खोका बदलला नसता तर तोच सेट मला ४४ रुपयांनी महाग विकावा लागला असता.

माप बाहेरून घेतात, आणि तेही खोका फुगलेला असेल तर फुगलेल्या जागी. एकदा घाईत कागदाच्या पट्ट्या जास्त कोंबल्या आणि वरचं झाकण पोळीसारखं फुगलं. त्यांच्या यंत्राने १७ × १७ × १० वाचलं, म्हणजे ०.५८ किलो, आणि त्या आठवड्यातल्या अकरा ऑर्डरींवर एक किलोचे पैसे कापले गेले. मी तक्रार केली. त्यांनी फोटो मागितले, माझ्याकडे नव्हते. आता टेप मारल्यावर वरून पट्टी आडवी धरून बघते. पट्टी डुगडुगली तर खोका फुगला आहे. एक फोटो मोजपट्टीसह आणि एक काट्यावर, लेबल दिसेल असा, काढून ठेवते. वजनाच्या वादाला मुदत असते. ती गेली की फोटो असूनही उपयोग नाही.

६. रिटर्नचा खर्च किमतीत कसा धरायचा?

परत येणारे दोन प्रकारचे. गिऱ्हाईकाने उघडून परत केलेला माल हा एक. दुसरा म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीत गिऱ्हाईकाने घेतलाच नाही किंवा घरी सापडलं नाही म्हणून दारातून परत आलेला. त्याला आरटीओ म्हणतात. (गटातल्या एकीने मला खरंच विचारलं होतं की यात गाडीच्या ऑफिसचा काय संबंध.) काही मार्केटप्लेस आरटीओचं परतीचं भाडं घेत नाहीत, काही घेतात. दरपत्रकात ही ओळ मुद्दाम शोधा.

माझ्या हिशोबात रिटर्न झाला की कमिशन परत मिळतं, पण जातानाचं शिपिंग आणि ठरावीक शुल्क मिळत नाही. म्हणजे १०० रुपये गेले. परतीचं भाडं ७५, जीएसटीसह ८९. पॅकिंग नव्याने करायचं, ३५. माल धड परत आला तरी २२४ रुपयांचा खड्डा. माल फुटून आला तर बनवण्याचे १९० त्यात मिळवा, ४१४.

शंभर ऑर्डरींतल्या ८ परत आल्या, त्यांतल्या ५ धड आणि ३ फुटलेल्या, असं धरू. ५ × २२४ = ११२०, ३ × ४१४ = १२४२, एकूण २३६२ रुपये. हे पैसे राहिलेल्या ९२ गिऱ्हाइकांकडून यायचे आहेत, शंभराकडून नव्हे. २३६२ ÷ ९२ = २६ रुपये प्रत्येक सेटमागे.

आता पूर्ण हिशोब: १९० + ३५ + १०० + २६ + ६० = ४११, भागिले ०.८०, म्हणजे ५१४. मी ५२० लावते. त्यातून १०४ कमिशनचे, १०० ठरावीक कपातीचे, २२५ मालाचे आणि पॅकिंगचे, २६ रिटर्नचे गेले की ६५ राहतात.

७. मी आत्ताच सुरुवात करतेय. रिटर्नचा आकडा कुठून आणू?

पहिल्या पन्नास ऑर्डरींना शंभरी दहा धरा आणि निम्मा माल फुटेल असं समजा. मग दर महिन्याला मार्केटप्लेसचा हिशोबाचा अहवाल उतरवून आपला खरा आकडा काढा.

रिटर्नमागचं कारणही वहीत लिहा. माझ्याकडे सर्वांत जास्त आलेलं कारण होतं ‘फोटोतल्यापेक्षा लहान आहे’. करवंटी काही साच्यातून निघत नाही, प्रत्येकीचं माप वेगळं. मग मी मथळ्यातच ‘व्यास ११ ते १२.५ सें.मी.’ असं लिहिलं आणि वाटी हातात धरलेला फोटो दुसऱ्या क्रमांकावर टाकला. शंभरातले रिटर्न आठाचे पाच झाले आणि त्यांतले दोनच फुटलेले निघाले, तर प्रश्न ६ मधले २६ रुपये १६ वर येतात. किंमत न वाढवता नफ्यात पडलेले हे दहा रुपये आहेत.

८. एक वाटी सुटी विकली तर २६० ला विकू का?

नको. एका वाटीचा माल आणि मजुरी ९५, पॅकिंग ३०, पण ठरावीक कपात तीच १००. रिटर्नचे २२ आणि नफा ३० धरला तरी २७७ ÷ ०.८० म्हणजे ३४६ रुपये होतात. एका करवंटीला साडेतीनशे कोण देणार? आमच्याकडे बाया तोंडावर म्हणतात, ‘करवंटेक पाचशे?’ तिथे एकीला साडेतीनशे सांगायची सोय नाही. पाचशेच्या खालची वस्तू ऑनलाइन टाकायची असेल तर जोडी किंवा चौकडी करा.

९. सेलमध्ये २० टक्के सूट द्यायला सांगतात. देऊ का?

आधी आपला तळ काढा. नफा शून्य धरला तर ३५१ ÷ ०.८० = ४३९ रुपये. ५२० वर १५ टक्के सूट म्हणजे ४४२. नफा जवळपास नाही, पण मजुरी सुटते. २० टक्के म्हणजे ४१६, आणि तिथे प्रत्येक सेटमागे १८ रुपये तुमच्या मजुरीतून जातात. जुनी लॉट मोकळी करायची असेल तर एखाद्या वेळी चालेल. गणपतीच्या तोंडावर, माल असाही खपत असताना, मी कधीच देत नाही.

सूट मोठी दिसावी म्हणून एमआरपी फुगवण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. खोक्यावर छापलेली एमआरपी सगळे कर धरून असते आणि तीच पानावर दिसायला हवी. उगाच ९९९ छापलं की गिऱ्हाईक पाचशेत हजाराची वस्तू शोधतं, आणि रिटर्न वाढतात.

१०. शिपिंग वेगळं लावू की ‘फ्री डिलिव्हरी’ लिहू?

हातात येणारी रक्कम सारखीच राहायला हवी, त्यामुळे हा प्रश्न दिखाव्याचा आहे. एकच बघा: काही ठिकाणी गिऱ्हाईकाकडून वेगळ्या घेतलेल्या शिपिंगवरही कमिशन लागतं. तसं असेल तर वेगळं लावून काही वाचत नाही.

११. माझ्याकडे जीएसटी नंबर नाही. मार्केटप्लेसवर विकता येईल का?

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात येईल. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्याला पॅनवर जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्या राज्यात मार्केटप्लेसमार्फत माल विकता येतो. राज्याबाहेर मात्र नाही. आपल्याकडे याची गंमत अशी की बांद्यापासून गोवा हाकेच्या अंतरावर आहे, तरी पेडण्याची ऑर्डर या क्रमांकावर घेता येत नाही आणि गडचिरोलीची येते. डिलिव्हरीच्या सेटिंगमध्ये फक्त महाराष्ट्र निवडलंय ना, हे तपासा.

१२. नंबर घेतला तर किंमत ५ टक्क्यांनी वाढवावी लागेल?

वाटतं तितकी नाही. तुमच्या वस्तूचा दर ५ टक्के आहे असं धरू (एचएसएन आणि दर सीएकडून पक्के करून घ्या). ५२० रुपयांतला कर ५२० × ५ ÷ १०५, म्हणजे २५ रुपये. पण आता मार्केटप्लेसच्या शुल्कावर भरलेल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं. ५२० च्या विक्रीवर शुल्क होतं १७३ रुपये आणि त्यावरचा जीएसटी ३१. म्हणजे देण्याचे २५ त्यातूनच फिटतात. वरचे सहा रुपये क्रेडिटमध्ये साठत जातात, हातात येत नाहीत.

तेव्हा किंमत तीच राहू शकते. वाढतो तो विवरणपत्रं भरणाऱ्याचा खर्च. महिन्याला ८०० रुपये आणि ४० सेट असतील तर सेटमागे २० रुपये, किमतीत २५. म्हणून महिन्याला दहा-बारा ऑर्डरी असताना नंबराची घाई नको. हा हिशोब नेहमीच्या नोंदणीचा आहे. कंपोझिशनमध्ये क्रेडिट मिळत नाही.

१३. कापलेला टीडीएस किमतीत धरायचा का?

नाही. तो ०.१ टक्का आहे आणि आयकर विवरणपत्र भरलं की जमा मिळतो. एकट्या व्यक्तीची त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापतही नाहीत. बचत गटाच्या नावावर खातं असेल तर ही सवलत लागू नाही.

१४. मालवणचा दुकानदार तोच सेट ३५० ला मागतो. त्याला नाही म्हणू का?

उलट आधी त्याला द्या. त्याच्याकडे माल एसटीने किंवा स्वतः नेऊन पोचतो आणि कागदात गुंडाळला की झालं. बनवण्याचे १९० आणि १० रुपये वेष्टण गेले की १५० सुटतात. ऑनलाइनच्या ५२० तून सुटतात ६५. दोन अटी मात्र घाला: पैसे माल देताना, आणि ‘विकलं तर देतो’ नाही. तो ५५० ला विकतो की ६०० ला, तिकडे लक्ष देऊ नका. त्याने ४५० ला लावलं तरच बोला, कारण पर्यटक तिथल्या तिथे फोनवर तुमची किंमत बघतो.

१५. पावसाळ्यात वेगळी किंमत लावावी का?

किंमत नको, पॅकिंग बदला. आषाढात करवंटी ओल धरते आणि तेलाचा हात दिलेल्या वाटीवर चार दिवसांत पांढरी बुरशी येते. परत आलेला माल आठवडाभर बंद खोक्यात असतो, म्हणजे धड आला तरी विकण्याजोगा राहत नाही. प्रश्न ६ मधले ‘५ धड, ३ फुटलेले’ पावसात ‘३ धड, ५ वाया’ होतात. तेच गणित पुन्हा केलं तर सेटमागे ३० रुपये येतात. मी दोन रुपयांची सिलिका जेलची पुडी आणि खोक्याबाहेर प्लॅस्टिकची पिशवी वापरते, आणि जून ते ऑगस्ट ज्या दिवशी ऊन पडेल त्याच दिवशी वाट्यांना शेवटचा तेलाचा हात देते. पूल पाण्याखाली गेला की पिकअप चुकतो. उशिराचा दंड बसू नये म्हणून माल रवाना करायची मुदत सेटिंगमध्ये दोन दिवसांनी वाढवून ठेवा.

१६. वाटीवर नाव कोरून देते. तो सेट परत आला तर?

तो माल गेलाच. ‘स्वानंदी’ कोरलेली वाटी दुसऱ्या स्वानंदीची वाट बघत कपाटात बसते. बनवून दिलेल्या वस्तूला ‘रिटर्न नाही’ असं लावता येतं, पण फुटून पोचली किंवा नाव चुकलं तर पैसे परत द्यावेच लागतात. आणि आरटीओला ही अट अडवत नाही. गिऱ्हाइकाने दारात घेतलंच नाही तर काय करणार? म्हणून कोरीव सेटला कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवा. मार्केटप्लेसवर ती फक्त त्या वस्तूपुरती बंद करता येत नसेल, तर कोरीव काम तिथे टाकूच नका, ओळखीतल्या गिऱ्हाइकांकडून आधी पैसे घेऊन करा. कोरण्याचा वेळ वेगळा धरायचा: मला एका नावाला वीस मिनिटं लागतात, म्हणजे ३३ रुपये, आणि प्रश्न ४ च्या रीतीने किमतीत ४२. नाव कसं लिहायचं ते गिऱ्हाइकाकडून मराठीत टाइप करून घ्या. इंग्रजीत आलेल्या नावावरून मी एकदा ‘मीनल’ची ‘मिनाल’ केली होती. ती वाटी आता आमच्या मिठाची आहे.